उभ्या कार्डांमधील अंतर: सूत्रातले ६.७ मिलिमीटर आणि रॅकमधले २० मिलिमीटर

प्रश्न: आमच्या पंख्याविना चालणाऱ्या कॅबिनेटमध्ये एकावर एक असे दोन सबरॅक आहेत. प्रत्येकात ६यू आकाराची (उंची २३३ मिमी, खोली १६० मिमी) २१ कार्डे ४ एचपी, म्हणजे २०.३२ मिमी पिचवर उभी बसतात. प्रत्येक कार्ड ५ वॅट उष्णता देते, सगळे घटक एकाच बाजूला आहेत आणि बहुतेकांची उंची ८ मिमीच्या आसपास आहे. टेबलावर एकटे कार्ड १४ अंशांनी तापते, खालच्या सबरॅकमध्ये ३३ आणि वरच्या सबरॅकमध्ये ४८ अंशांनी. कार्डे ८ एचपीवर दूर नेण्याचा विचार आहे. पण हँडबुकातल्या सूत्राने इष्टतम अंतर ६.७ मिमी येते, म्हणजे उलट कार्डे जवळ आणायला हवीत का?

उत्तर:

कार्डे जवळ आणू नका, आणि ८ एचपीवर नेण्याचीही घाई करू नका. तुम्ही काढलेले ६.७ मिमी हे गणित म्हणून बरोबर आहे, परंतु ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न तुमचा नाही. वरच्या सबरॅकमधले जास्तीचे १५ अंश हे कार्डांमधल्या अंतरामुळे आलेलेच नाहीत. या दोन्ही गोष्टी सुट्या करून पाहिल्या की काय करायचे ते आपोआप समोर येते.

दोन उभ्या कार्डांमधली फट ही एक लहानशी चिमणी असते. कार्डालगतची हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि खालून थंड हवा आत ओढली जाते. फट खूप रुंद असेल तर प्रत्येक कार्ड स्वतंत्र पट्टीप्रमाणे वागते. त्याच्या अंगाला लागून उष्ण हवेचा एक पातळ सीमास्तर वर चढत जातो, मधली हवा थंडच राहते, आणि शेजारचे कार्ड २० मिमी की ४० मिमी दूर आहे याचा त्या सीमास्तराला पत्ताही नसतो. फट खूप अरुंद असेल तर दोन्ही बाजूंचे घर्षण हवेला अडवते. विष्यंदितेमुळे प्रवाहाचा वेग फटीच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि एकूण हवेचे प्रमाण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे वर पोचेपर्यंत हवाच इतकी तापते की कार्ड थंड करण्याची तिची कुवत संपते.

या दोन टोकांमधला पूल बांधण्याचे काम अनेकांनी केले आहे. एलेनबास यांनी १९४२ मध्ये समांतर उभ्या पट्ट्यांवर प्रयोग करून पहिला भक्कम सहसंबंध दिला. बार-कोहेन आणि रोसेनाव यांनी १९८४ मध्ये दोन्ही टोकांची सूत्रे एकत्र गुंफून तापमान स्थिर असलेल्या आणि उष्णता स्थिर असलेल्या, तसेच एका बाजूने किंवा दोन्ही बाजूंनी तापणाऱ्या पट्ट्यांसाठी जी सूत्रे मांडली, तीच आज बहुतेक हँडबुकांत आढळतात. कार्डाच्या एकाच बाजूने एकसारखी उष्णता बाहेर पडत असेल आणि वरच्या कडेच्या तापमानाकडे आपले लक्ष असेल, तर ते सूत्र असे लिहिता येते:

```
Ra' = g·β·q·S^5 / (ν·α·k·L)
ΔT  = (q·S/k) · sqrt( 24/Ra' + 2.51/Ra'^0.4 )
```

इथे S ही मोकळी फट, L कार्डाची उंची आणि q म्हणजे दर चौरस मीटरमागे बाहेर पडणारी उष्णता. g हे गुरुत्वीय त्वरण, आणि बाकीचे हवेचे गुणधर्म आहेत: β प्रसरणांक, ν गतिक विष्यंदिता, α उष्णता विसरणांक आणि k उष्णता वाहकता. ΔT मोजायचा तो फटीच्या तोंडाशी आत येणाऱ्या हवेच्या तुलनेत, खोलीच्या तुलनेत नव्हे. हा भेद पुढे कामाला येणार आहे.

कंसातली दोन पदे म्हणजे वर सांगितलेली दोन टोके आहेत. पहिले पद वर जाता जाता स्वतः हवा किती तापते ते सांगते, आणि दुसरे पद एकटे कार्ड मोकळ्या हवेत किती तापले असते ते. दोघांचे वर्ग करून बेरीज घेतलेली आहे, त्यामुळे जे पद मोठे असते तेच प्रत्यक्षात राज्य करते. सूत्र वापरताना अंतिम आकड्याइतकेच ही दोन पदे वेगवेगळी काढून पाहण्याला महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे, कारण उपाय कोणता लागू पडेल ते तिथेच कळते.

आता तुमचे आकडे घालू. कार्डाचे एका बाजूचे क्षेत्रफळ ०.०३७३ चौरस मीटर, म्हणून ५ वॅटला q साधारण १३४ वॅट प्रति चौरस मीटर येतो. कॅबिनेटबाहेरची हवा ५० अंशांची धरली तर हवेचे गुणधर्म ६५ अंशांच्या आसपासचे घ्यावेत: k ०.०२९३, ν १.९९×१०⁻⁵ आणि α २.८४×१०⁻⁵, सर्व एसआय एककांत. घटकांची उंची क्षणभर विसरून फक्त १.६ मिमी जाडीच्या कोऱ्या कार्डांचा विचार केला, तर ४ एचपीवर मोकळी फट १८.७ मिमी उरते आणि ΔT ३० अंश येतो. पिच दुप्पट करून ८ एचपी केला, फट ३९ मिमी झाली, तरी ΔT २९ च्या खाली उतरत नाही, कारण पूर्णपणे एकट्या कार्डाचाच आकडा सुमारे २९ आहे. उलट दिशेने गेलो तर ३ एचपीवर ३२, २ एचपीवर ४०, तुमच्या ६.७ मिमी फटीला ५० आणि ५ मिमी फटीला ७० अंश येतात. त्या ५ मिमीच्या फटीत हवा सेकंदाला जेमतेम १० सेंटीमीटर वेगाने वर जाते आणि बाहेर पडताना ती स्वतःच ६३ अंशांनी तापलेली असते. कार्ड तिच्याहून थंड राहणे शक्यच नाही.

मग ६.७ मिमीला इष्टतम कशासाठी म्हणायचे? ते अंतर एका ठरावीक अर्थाने इष्टतम आहे: q स्थिर धरून, दर अंश तापमानवाढीमागे दर घनमीटर जागेतून सर्वाधिक उष्णता कोणत्या अंतराला निघते, हा तो प्रश्न. एकाच कार्डाचे तापमान पाहिले तर फट जितकी रुंद तितके ते कमी, त्यात मधे कुठे खळगा नाही. इष्टतम अंतर निर्माण होते ते जागेला किंमत लावली की. फट अरुंद केली की प्रत्येक कार्ड बिघडते, पण त्याच रुंदीत जास्त कार्डे मावतात. या दोहोंच्या ओढाताणीतून शिखर येते. तुमची कार्डांची संख्या आणि प्रत्येकाचे वॅट ठरलेले आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत शिखर शोधण्यात अर्थ नाही. तुम्हाला फक्त तापमानमर्यादा पाळणारी सर्वांत लहान फट हवी आहे.

ज्याला खरोखर जागेचा हिशेब करायचा आहे त्यानेही ६.७ चा आकडा जसाच्या तसा उचलू नये. प्रत्यक्षात आपल्याला 'दर अंशामागे' असे काही नको असते. वरच्या कडेची तापमानवाढ, समजा ३० अंश, ही मर्यादा ठरलेली असते आणि त्या मर्यादेत पूर्ण सबरॅकमधून जास्तीत जास्त वॅट काढायचे असतात. वरच्याच सूत्रात ΔT स्थिर धरून q/S चे कमाल मूल्य काढले, तर हँडबुकातल्या १.६९ या गुणकाच्या जागी २.२९ येतो. म्हणजे अंतर सुमारे एक तृतीयांशाने वाढते, आणि q स्वतः बदलत असल्याने शेवटी ते साधारण १० मिमीवर स्थिरावते. कार्डाची जाडी हिशेबात घेतली की ते आणखी किंचित वाढते, कारण जाडी ही फुकट गेलेली जागा असते.

८४ एचपी, म्हणजे ४२७ मिमी रुंदीच्या सबरॅकसाठी कोऱ्या कार्डांचा हा हिशेब करून पाहिला तर शिखराचा आकार स्पष्ट दिसतो. ६.६ मिमी पिचवर ६४ कार्डे मावतात, पण प्रत्येकाला १ वॅटच परवडतो आणि एकूण ६७ वॅट निघतात. १०.१६ मिमीवर ४२ कार्डे आणि १३२ वॅट. १२ मिमीवर ३५ कार्डे आणि १३६ वॅट. १५.२४ मिमीवर २८ कार्डे आणि १२८ वॅट. तुमच्या २०.३२ मिमीवर २१ कार्डे आणि १०५ वॅट. शिखर सपाट आहे, पण दोन्ही उतार सारखे नाहीत: रुंदीकडे चुकले तर थोडे गमावता, अरुंदीकडे चुकले तर कडेलोट होतो. म्हणूनच पिच निवडताना शिखराच्या रुंद बाजूला उभे राहावे. ४ एचपी हा आकडा उष्णतेसाठी नव्हे तर कनेक्टर आणि घटकांच्या उंचीसाठी रूढ झाला असला, तरी योगायोगाने तो त्याच सुरक्षित बाजूला पडतो.

आता तुमच्या कार्डांवरच्या ८ मिमी उंचीच्या घटकांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. घटक विखुरलेले असतील तर हवा त्यांच्यामधून वाट काढते, पण रिले, ट्रान्सफॉर्मर आणि मॉड्यूल यांनी कार्ड बऱ्यापैकी भरलेले असेल तर फट त्यांच्या माथ्यापासून मोजणेच शहाणपणाचे. तशी मोजली तर ४ एचपीवर १०.७ मिमी फट उरते आणि ΔT ३५ अंश येतो. तुमच्या खालच्या सबरॅकमधले ३३ अंश याच्याशी चांगले जुळतात. कुणी जागा वाचवण्यासाठी हीच कार्डे ३ एचपीवर आणायचे ठरवले असते, तर फट ५.६ मिमी झाली असती आणि ΔT ६१ अंश! कोऱ्या कार्डांना ३० वरून ३२ इतकाच फरक पाडणारा बदल घटकांसह ३५ वरून ६१ वर नेतो. रेखाचित्रावर पिच पाहून निर्णय घेणारे इथेच फसतात.

८ एचपीवर गेल्यास तुमची फट ३१ मिमी होईल आणि ΔT २९ अंशांवर येईल, म्हणजे सहा अंशांसाठी निम्मे स्लॉट गमवावे लागतील. त्याहून स्वस्त सहा अंश कार्डाच्या मागच्या बाजूला पडलेले आहेत. वरचा सगळा हिशेब उष्णता एकाच बाजूने निघते असे धरून केलेला आहे. दोन्ही बाजू सारख्याच काम करू लागल्या, तर हवेच्या तापण्याचे पहिले पद तसेच राहते, कारण प्रत्येक फटीत एकूण ५ वॅटच येतात, ते समोरच्या भिंतीतून आले की मागच्या, याच्याशी हवेला देणेघेणे नाही. पण दुसरे पद, म्हणजे सीमास्तराचा वाटा, २९ अंशांवरून १६.६ वर येतो. १०.७ मिमी फटीला एकूण ΔT मग ३५ ऐवजी २६ अंश होतो, आणि तेही एकही स्लॉट न गमावता.

हे घडवून आणण्यात कार्डाची जाडी आडवी येत नाही. १.६ मिमीच्या ग्लास-इपॉक्सी लॅमिनेटमधून जाडीच्या दिशेने निम्मी उष्णता पाठवायला अर्ध्या अंशाहूनही कमी फरक पुरतो, अट इतकीच की ती उष्णता पूर्ण क्षेत्रफळावर पसरलेली असावी. अडचण असते ती घटकापासून कार्डापर्यंत पोचण्याची आणि कार्डावर पसरण्याची. रिलेची उष्णता चार बारीक पायांतून कार्डात उतरायला तयार नसते, ती त्याच्या डोक्यावरूनच निघते. तुमचा आकडा २६ ऐवजी ३३ आला यावरून मला तरी तेच दिसते, की मागची बाजू जवळजवळ बेकार बसली आहे. जास्त तापणाऱ्या घटकांखाली रुंद तांब्याचे क्षेत्र, त्यातून मागच्या थरापर्यंत जाणारे व्हायांचे जाळे आणि मागे अखंड तांब्याचा पट्टा, एवढे पुढच्या आवृत्तीच्या लेआउटमध्ये करता आले, तर ३३ आणि २६ मधला बराच भाग हाती लागेल.

टेबलावरच्या १४ अंशांवर विश्वास ठेवू नये, हेही इथेच सांगून टाकतो. टेबलावरच्या एकट्या कार्डासमोर खोलीच्या थंड भिंती असतात. सोल्डर मास्क लावलेल्या पृष्ठभागाची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास असते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला प्रारणाने दर चौरस मीटर दर अंश सुमारे ६ वॅट जातात, तर नैसर्गिक अभिसरणाने जेमतेम ४. म्हणजे टेबलावर कार्ड मुख्यतः प्रारणाने थंड होत असते! रॅकमध्ये समोर तितकेच तापलेले शेजारचे कार्ड येते, दोघे एकमेकांना सारखीच उष्णता देतात आणि हा मार्ग बंद होतो. फक्त दोन टोकांच्या कार्डांना चेसिसची तुलनेने थंड भिंत दिसते, म्हणून ती नेहमी काही अंशांनी बरी असतात. चाचणी घ्यायची तर सगळे स्लॉट भरून, सगळ्यांना वीज देऊन, मधल्या कार्डावर घ्यावी. पूर्ण २१ कार्डे नसतील तर त्याच आकाराच्या पत्र्यावर रोधक बसवून केलेली नकली कार्डे चालतात.

आता वरच्या सबरॅककडे. खालच्या फटींतून निघणारी हवा हिशेबाने सुमारे २० अंशांनी तापलेली असते. दोन सबरॅकांमध्ये थोडी मोकळी जागा असेल आणि बाजूने थोडी ताजी हवा मिसळत असेल, तर ती १५ अंशांवर येते. वरच्या कार्डांसाठी हीच आत येणारी हवा आहे. त्यांचा स्वतःचा ΔT खालच्यासारखाच ३३ आहे, त्यात हे १५ मिळवले की तुमचे ४८ पूर्ण होतात. इथे पिच बदलून काहीही हाती लागणार नाही. उपाय ठाऊक असलेला आणि साधा आहे: दोन सबरॅकांमध्ये किमान १यू, म्हणजे ४४ मिमी, आणि जागा असेल तर २यू उंचीचा तिरका पत्रा बसवावा, जो खालची तापलेली हवा मागच्या बाजूने बाहेर काढेल आणि वरच्या सबरॅकसाठी पुढून ताजी हवा घेईल. मागे त्या हवेला कॅबिनेटमधून बाहेर जायला वाट आहे ना, हे मात्र आधी पाहावे. मागचे दार बंद आणि वर झाकण, अशा कॅबिनेटमध्ये तिरका पत्रा लावला तर गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. आणि कॅबिनेट पूर्ण बंद, धूळरोधक प्रकारचे असेल, तर आत येणारी हवा म्हणजे कॅबिनेटमधलीच हवा. तिचे तापमान कॅबिनेटच्या भिंतींचे क्षेत्रफळ ठरवते, तो वेगळा हिशेब आधी करावा लागतो आणि या सूत्राची पाळी त्यानंतर येते.

पत्रा बसवण्यापूर्वी सबरॅकच्या तळाची आणि माथ्याची जाळी पाहा. या चिमणीला ढकलणारा दाब किती असतो याची कल्पना बहुतेकांना नसते. २३३ मिमी उंचीत हवा सरासरी १० अंशांनी तापलेली असेल तर उपलब्ध दाब ०.०७ पास्कल, म्हणजे पाण्याच्या स्तंभात ०.००७ मिलिमीटर. फटीत त्यातून सेकंदाला १४ सेंटीमीटरच्या आसपास वेग मिळतो. तळाचा छिद्रपत्रा ३० टक्केच उघडा असेल तर छिद्रांमधला वेग २४ सेंटीमीटरवर जातो आणि त्याचा गतिज दाबच ०.०३ पास्कल होतो. वरच्या पत्र्याचे तितकेच धरले तर जवळजवळ सगळा दाब जाळ्यांतच खर्ची पडतो, आणि मग प्रवाह घटून हवा आणखी तापते. सूत्रात या जाळ्यांना जागा नाही, ते दोन्ही तोंडे सताड उघडी धरते. म्हणून छिद्रपत्रा ६० टक्क्यांच्या वर उघडा असावा. त्याने वेग निम्मा आणि गतिज दाब पाव होतो. धूळ अडवणारा फिल्टर तर या दाबावर चालणारच नाही. फिल्टर हवाच असेल तर पंखाही हवा.

हे सगळे तुमच्या कॅबिनेटमध्ये किती लागू आहे ते मोजूनच ठरवावे, आणि त्यासाठी एका मधल्या फटीत बारीक तारेची तीन थर्मोकपल पुरतात: एक फटीच्या खालच्या तोंडाशी हवेत, एक वरच्या तोंडाशी हवेत, फटीच्या मधोमध, आणि एक कार्डाच्या वरच्या भागावर चिकटवलेले. हवेतल्या दोन थर्मोकपलना कार्डाचे प्रारण थेट दिसू नये म्हणून त्यांवर चकचकीत ॲल्युमिनियम फॉइलची लहानशी नळी बसवावी, नाहीतर ती हवेपेक्षा जास्त दाखवतात. बाहेर पडणारी हवा कार्डाच्या तापमानाच्या जवळ पोचलेली असेल, म्हणजे कार्डाची ३५ अंशांची वाढ आणि हवेचीही ३० च्या घरात, तर फट किंवा जाळी गुदमरलेली आहे आणि जागा मोकळी करून फायदा होईल. हवेची वाढ १०–१२ अंशांची आणि कार्डाची ३५ अंशांची असेल तर हवा भरपूर आहे, अडचण कार्डाच्या पृष्ठभागाशी आहे, आणि तिथे तांबे, मागची बाजू किंवा घटकावरचे फिन यांचाच उपयोग. तुमच्या हिशेबात हवा सुमारे २० आणि कार्ड ३३, म्हणजे तुम्ही या दोहोंच्या मधे आहात. तिथे दोन्ही उपाय थोडे थोडे लागू पडतात.

एक सोपी पडताळणी अशी, की एका आड एक कार्ड काढून राहिलेल्यांना तितकीच वीज द्यावी. कार्डाचे तापमान त्याच्या स्वतःच्या फटीच्या तोंडच्या हवेच्या तुलनेत सहा अंशांच्या आसपास उतरले तर वरचा हिशेब बरोबर आहे. दहा-बारा अंशांनी उतरले तर घटकांनी फट तुम्ही समजता त्याहून जास्त अडवलेली आहे, बहुधा आडव्या बसवलेल्या एखाद्या लांब कनेक्टरने किंवा केबलच्या जुडग्याने. निम्मी कार्डे काढल्याने कॅबिनेटमधली एकूण उष्णताही निम्मी होते, म्हणून खोलीच्या तापमानाशी तुलना केली तर अंतराला उगाचच श्रेय मिळेल.

ही उपकरणे उंचावर जाणार असतील तर आणखी एक हिशेब करून ठेवा. लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असते. एकट्या कार्डाचे पद त्यामुळे १५ टक्क्यांनीच वाढते, पण हवेच्या तापण्याचे पद ४३ टक्क्यांनी वाढते, आणि १०.७ मिमी फटीचे ३५ अंश ४४ होतात. जितकी फट अरुंद तितका हा फटका मोठा, कारण तिथे पहिल्या पदाचेच राज्य असते. तिथली हवा मुळात थंड असल्याने कार्डाचे अंतिम तापमान बहुधा मर्यादेत राहील, परंतु उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी कॅबिनेटसाठी तसे गृहीत धरू नये. अशा जागी पाठवायच्या संचात घटकांच्या माथ्यापासून मोजलेली फट १३ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका.